दोन पिशव्या गुंतवळ

आमच्या घरात केसांवर बोलायचा अधिकार कुणाला, तर सासऱ्यांना आणि माझ्या दिराला. दोघांनाही टक्कल. सासरे वाल्मीकआबा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले तेव्हा कानांमागे थोडीशी झालर शिल्लक होती, आता तीही गेली. दीर प्रशील तिशीचाच आहे, पण कपाळ पार टाळूपर्यंत चढलंय आणि तो घरातसुद्धा टोपी काढत नाही. जेवतानाही नाही. या दोघांनी आणि त्यांच्या जोडीला माझ्या सासूने, झुंबरबाईंनी मिळून माझ्या धाकट्या जावेच्या केसांचा निकाल लावायचं ठरवलं, आणि केसांबरोबर तिच्या नोकरीचाही. मी शिल्पा, थोरली. मी वरच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते आणि या लोकांचं सगळं वरून बघते. माझे केस जन्मापासूनच विरळ. त्यामुळे माझ्या नोकरीवर कुणाचं लक्ष गेलं नाही, एवढं माझं नशीब.

ही जाऊ म्हणजे प्रशीलची बायको, समीक्षा. लग्न होऊन आली ती कंबरेपर्यंत वेणी घेऊन. सासूबाईंनी मुलगी बघताना डिप्लोमा विचारला नव्हता, वेणी बघितली होती. पण सोबत डिप्लोमाही होता, सिव्हिलचा, आणि धुळे–अमळनेर रस्त्याच्या कामावर साइट इंजिनिअरची नोकरीही. रोज सकाळी डोक्यावर हेल्मेट, स्कूटी, आणि दिवसभर खडी, मुरूम, रोलर आणि डंपरची धूळ. संध्याकाळी ती धुळ्यात, देवपुरातल्या घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. वेणी सोडली की बाथरूमच्या फरशीवर गढूळ पाणी वाहायचं. ती रोज शाम्पू करायची. करणारच. भात शिजवलेलं पातेलं आपण आठ दिवस तसंच ठेवतो का?

गणपतीच्या दिवसांत तिला डेंग्यू झाला. बरी झाली, कामावर गेली, सगळे विसरले. दिवाळी झाल्यावर केस गळायला लागले, आणि तेही मूठमूठ. उशीवर केस, पोळीत केस, पाणी जाण्याच्या जाळीवर केसांचा गोळा. पोरगी हादरली.

घरात कुणालाच डेंग्यू आठवला नाही. सगळ्यांना शाम्पू आठवला.

आमचं घर तसं पुढारलेलं. सोमवारी डोक्यावरून न्हायचं नाही, शनिवारी तेल लावायचं नाही, असलं काही आम्ही पाळत नाही, आणि हे आबा चारचौघांत छाती काढून सांगतात. "आपण विज्ञान मानतो." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय की त्यातलं विज्ञान कधीच उडून गेलंय. कारण विज्ञान म्हणजे त्यांच्या लेखी प्रशीलने मोबाइलवर दाखवलेला व्हिडिओ. त्या व्हिडिओत एक गोरा पोरगा फळ्यावर डोक्याचं चित्र काढून सांगत होता की रोज शाम्पू केला की टाळूवरचं तेल निघून जातं, मग डोक्याला वाटतं तेल संपलं, मग ते दुप्पट तेल काढतं, मग केस तेलकट होतात, मग तुम्ही आणखी धुता, आणि शेवटी मुळं सैल होऊन केस गळतात.

"कळलं का?" प्रशील टोपी मागे सारून म्हणाला. "दुष्टचक्र आहे हे."

"तू आठवड्यातून एकदा धुतोस ना?" मी विचारलं.

"हो."

"मग तुझ्या चक्राचं काय झालं?"

तो म्हणाला, "वहिनी, माझं आनुवंशिक आहे." म्हणजे याला आनुवंशिक चालतं, बायकोला मात्र फक्त शाम्पू.

सासूबाईंकडे तर पुरावाच होता. त्या घरातल्या बायकांची गुंतवळ जमवतात. फणीतले, फरशीवरचे, जाळीवरचे केस बोटाला गुंडाळायचे आणि पिशवीत टाकायचे. दोन-तीन महिन्यांनी बेबाबाई केसवाली गल्लीत ओरडत येते, केस तोलते आणि स्टीलचं भांडं देते. आमच्या कपाटातल्या निम्म्या वाट्या आमच्याच डोक्यावरून आलेल्या आहेत. तर सासूबाई रोज संध्याकाळी समीक्षा न्हाऊन आली की जाळीवरचा गोळा उचलायच्या, सगळ्या घराला दाखवायच्या आणि मग पिशवीत घालायच्या.

"हाई दख, हाई दख! रोज धुवस म्हनीसन गळी ऱ्हायनात. आमना टाइमले आम्ही आठ दिनमा एक डाव न्हाऊत. इतला केस व्हतात मना!"

त्यांच्या वेळी देवपुरात डंपर नव्हते आणि त्या खडीवर उभ्याही राहत नव्हत्या, पण हे त्यांना कोण सांगणार. मी सांगितलं. मला "तू वर जाय" असं उत्तर मिळालं.

मग फर्मान निघालं. न्हाणं फक्त रविवारी. बाकीचे दिवस रात्री खोबरेल तेल, चांगलं थापून. समीक्षाने ऐकलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि केस खरंच गळत होते, त्यामुळे तीही घाबरलेली. घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही सांगावं.

दोन रविवार गेले आणि तिचं डोकं बघवेना. आदल्या रात्रीचं तेल, त्यावर दिवसभराची खडीची भुकटी, हेल्मेटखाली घाम, त्यावर पुन्हा तेल. टाळूवर पिवळट खपल्या धरल्या. ती फणीच्या दांड्याने डोकं खाजवायची. साइटवरच्या बायका तिच्या शेजारी डबा खायला बसेनात, हे तिने मला रडत सांगितलं. वर प्रशील नाक मुरडून म्हणाला, "बघ, आता रोज धूत नाहीस तरी किती तेलकट झालंय. जुन्या धुण्याचा परिणाम आहे हा." डोक्यावर डबाभर खोबरेल ओतायचं आणि तेल कुठून आलं म्हणून शोध लावायचा! माझ्या चौथीच्या वर्गातलं पोरगंसुद्धा असं उत्तर देत नाही.

रविवारी न्हाल्यावर जो गोळा निघायचा तो मात्र भयंकर असायचा. सासूबाईंच्या मुठीत मावायचा नाही. त्यांनी तो शेजारच्या पुनमच्या आईला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, व्हिडिओ कॉलवर पारोळ्याच्या नणंदेला दाखवला. आणि एवढं सगळं झाल्यावर घरात बैठक बसली.

"या रोगाचं मूळ शाम्पू नाही," आबा म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांना निकाल द्यायची फार हौस आली आहे. "मूळ धूळ आहे. आणि धूळ कशामुळे? नोकरीमुळे. धुतलं तर गळतात, नाही धुतलं तर गळतात. मग उपाय एकच राहतो."

"नवकरी सोडी दे, माय," सासूबाई म्हणाल्या. "टक्कल पडी जाई तुले. मंग काय करशी?"

समीक्षाने नवऱ्याकडे बघितलं. नवरा टोपीची कड नीट करत होता.

"चांगल्यासाठीच सांगताहेत," तो म्हणाला. "महिनाअखेरीस राजीनामा देऊन टाक."

ही पोरगी भडगावची. वडील लवकर गेले, आईने रोजंदारीवर शिकवलं. वर्गात मुली मोजक्या, साइटवर इंजिनिअर बाई तर ही एकटीच. रस्त्याचा थर नीट दाबला गेलाय की नाही हे ही सांगते तेव्हा कंत्राटदाराची माणसं गप्प ऐकतात. आणि तिची ही नोकरी दोन टकलं आणि एक गुंतवळीची पिशवी ठरवणार होती. माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

राजीनाम्याच्या आधीच्या आठवड्यात बेबाबाई आली. सासूबाई ओट्यावर दोन पिशव्या घेऊन बसल्या. पहिली दिवाळीपासून फर्मान निघेपर्यंतची, म्हणजे रोजच्या धुण्याची. त्यात लहान लहान गोळे. दुसरी फर्मानानंतरची, रविवारची, मोठ्या गोळ्यांची. दोन्ही साधारण एकेका महिन्याच्या. दुसऱ्या पिशवीवर सासूबाईंना एक कढई हवी होती. मी शाळेतून येऊन जिन्यात उभी होते.

बेबाबाईने पहिली पिशवी तोलली. मग दुसरी. दोन्ही वेळा काट्यात जवळपास सारखंच वजन टाकावं लागलं. दुसरी किंचित जड होती.

"असं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "हाई बठ्ठं दुप्पट दिखस!"

बेबाबाईने दुसऱ्या पिशवीतला गोळा दोन बोटांत धरून दाबला. बोटं पदराला पुसली. "अक्का, हाई तेल शे. माटी शे. हाई माल मी लेस नही." पहिल्या पिशवीवर तिने एक डबा दिला आणि दुसरी पिशवी ओट्यावर ठेवून ती पुढच्या दाराला गेली.

मी खाली उतरले. म्हटलं, "आई, बघितलं ना? तेवढेच केस. रोज धुतलं तेव्हा रोज थोडे थोडे निघाले. आठवड्याने धुतलं तेव्हा साठलेले एकदम निघाले. जे गळायचे ते आधीच सुटलेले असतात, पाणी फक्त ते बाहेर काढतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग काटा गेला त्या दिशेला बघितलं. "तिना काटा खोटा शे," त्या म्हणाल्या. खोट्या काट्यावरचा डबा मात्र त्यांनी उचलून आत नेला.

मी ठरवलं, आता डॉक्टरच. तर आबांना ते फार आवडलं. विज्ञान! शिवाय डॉक्टरच्या तोंडून राजीनामा वदवून घेतला की सुनेच्या माहेरीही कुणी बोलणार नाही. म्हणून आम्ही पाच जण रिक्षात कोंबून त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेलो. प्रशीलने व्हिडिओ तयार ठेवला होता. सासूबाईंनी दुसरी पिशवी आणली होती, पुरावा म्हणून. डॉक्टरबाईंनी पिशवीत डोकावून ती खुर्चीखाली ठेवायला सांगितलं.

त्यांनी समीक्षाचे केस बाजूला करून टाळू बघितली. चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढले. चार-पाच आले. ते त्यांनी दिव्याखाली धरले, टोकांना बारीक पांढरे दाणे होते. मग विचारलं, "मध्यंतरी मोठा ताप आला होता का? गळायला लागायच्या दोन-तीन महिने आधी?"

"डेंग्यू," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज असा आला जणू तिलाही ते पहिल्यांदाच आठवलं.

"मग हेच. अंगात मोठा ताप येऊन गेला की पुष्कळ केस एकदम वाढणं थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं मरत नाहीत. पुन्हा येतील. सहा महिने धरा. मी रक्त तपासते, लोह आणि थायरॉइड, म्हणजे दुसरं काही नाही ना ते कळेल."

"पण रोज शाम्पू—" आबा म्हणाले.

"रोज शाम्पूने केस मुळातून गळत नाहीत, काका. कुणाचेही दिवसाला पन्नास-शंभर केस गळतातच. धुताना दिसतात म्हणून धुण्यावर आळ येतो. आठवडाभर नाही धुतलं तर तेच साठून एकदम दिसतात."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

प्रशीलने व्हिडिओ पुढे केला. दुप्पट तेलाचं चक्र. डॉक्टरबाईंनी तो पूर्ण बघितलाही नाही. "टाळूतलं तेल किती यायचं हे शरीरातल्या संप्रेरकांवर ठरतं. तुम्ही वर काय धुतलं हे त्या ग्रंथींना कळत नाही. ज्याचं डोकं मुळात तेलकट, त्याला लवकर तेलकट वाटतं, एवढंच." मग त्या समीक्षाकडे वळल्या. "ही खाज तेलामुळे वाढली आहे. कोंडा आहे हा, त्याला तेल म्हणजे खुराक. टाळूला तेल बंद. हा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर चार-पाच मिनिटं ठेवायचा. बाकी दिवशी साधा सौम्य शाम्पू. धुळीत काम असेल तर रोज. सुट्टीत घरी असाल, घाम नसेल, तर एक दिवसाआड, नाहीतर दोन दिवसांआड. डोकं चिकट झालं, खाजलं की धुवायचं, हाच नियम. वाराचा काही संबंध नाही."

"केस कोरडे होतात मात्र," समीक्षा हळूच म्हणाली. "टोकं तुटतात."

"तुटणं वेगळं, गळणं वेगळं. शाम्पू टाळूला लावा, लांबीला घासू नका. टोकांना कंडिशनर. हवं तर टोकांना थेंबभर तेल. आणि ओले केस बांधून त्यावर हेल्मेट घालू नका. सकाळी नको, संध्याकाळी घरी आल्यावर धुवा."

"म्हणजे नोकरीचा काही..." मी विचारलं.

डॉक्टरबाईंना प्रश्नच कळला नाही. "नोकरीचा काय?"

मला वाटलं, झालं. इतकं स्पष्ट ऐकल्यावर कुठला माणूस मागे फिरेल? पण मी माझ्या सासरला अजूनही कमी ओळखत होते.

रिक्षात बसल्या बसल्या आबा म्हणाले, "कंपन्या यांना कमिशन देतात." प्रशील म्हणाला, "साइड इफेक्ट कुणीच सांगत नाही." सासूबाई म्हणाल्या की डॉक्टरणीचे स्वतःचे केस खांद्यापर्यंतच होते. डॉक्टरकडे विज्ञान म्हणून गेले आणि विज्ञान हवं तसं बोललं नाही म्हणून ते विकलं गेलेलं ठरवलं. घरी पोहोचेपर्यंत औषधी शाम्पूची बाटली सासूबाईंच्या पिशवीत गेली होती, आणि घरी आल्यावर ती कपाटात, कुलपात.

समीक्षा साइटवर गेली आणि नोकरी सोडावी लागतेय असं तिने साहेबांना सांगितलं. कौतिक साहेब भला माणूस. म्हणाले, राजीनामा लिहू नका, बिनपगारी रजा घ्या, होईल तेवढे दिवस जागा धरून ठेवतो. पण रस्त्याचं काम कुणासाठी थांबतं? दोन महिन्यांत तिथे दुसरा मुलगा आला. म्हणजे नोकरी गेलीच, फक्त राजीनामा लिहायचा राहिला. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आणि आता जे झालं ते ऐका.

दुपारी जेवणं झाली की सासूबाई झोपतात आणि आबा बाहेर ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपतात. त्या वेळेला समीक्षा वर माझ्याकडे यायची, माझ्या मुलाचा, पियुषचा अभ्यास घ्यायला म्हणून. मी शाळेत. घराची किल्ली मी तिला दिलेली, आणि बाथरूममध्ये दोन बाटल्या आणून ठेवलेल्या, एक औषधी, एक साधी. उन्हाळा सुरू झालेला, धुळ्याचा उन्हाळा, आणि त्यात सकाळी झाडलोट, दुपारी गव्हाची वाळवण, गच्चीवर पापड. घरी बसवलेल्या बाईला धूळ लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गच्ची झाडून बघावी. ती रोज न्हायची. गच्चीत केस वाळवायची, वेणी घालायची आणि वेणीच्या शेंड्याला खोबरेलाचं एक बोट ओढायची. संध्याकाळी सासूबाईंना तेलाचा वास यायचा आणि त्या समाधानाने मान हलवायच्या.

"मी लावते माझी मी, आई," ती म्हणायची. आणि रविवारी सगळ्यांसमोर खालच्या बाथरूममध्ये वाजतगाजत न्हायची. त्या दिवशीचा गोळा अर्थातच एका दिवसाचाच असायचा.

खाज महिन्याभरात गेली. गळणं हळूहळू कमी झालं. उन्हाळा संपता संपता तिच्या कपाळावर, भांगाच्या कडेने बारीक बारीक नवे केस उभे राहिले, ताठ, कुणाचं न ऐकणारे. रक्ताचा रिपोर्टही नीट होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच, त्या म्हणाल्या होत्या तेवढ्याच वेळात.

पण खाली काय ठरलं? खाली ठरलं की आठवड्याच्या न्हाण्याने केस आले. सासूबाई ज्याला त्याला तिचं कपाळ दाखवू लागल्या. पुनमची आई पुनमला घेऊन आली. त्या पोरीला म्हणे कॉलेजमधून येताना धूळ लागते आणि तीही रोज धुते. "बंद कर," सासूबाई म्हणाल्या. "मन्ही सून दख."

प्रशीलला तर याच्या पुढचं सुचलं. व्हिडिओ. स्वतःचा. त्याने एका रविवारी समीक्षाला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, पुनम आणि तिची आई बाजूला, सासूबाई हातात खोबरेलाची बाटली घेऊन, आबा मागे उभे. मी दारात. प्रशीलने मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वतः टोपी नीट करून पुढे आला.

"नमस्कार," तो म्हणाला. "रोज शाम्पू केल्याने माझ्या पत्नीचे केस गळत होते. आम्ही फक्त आठवड्यातून एकदा धुवायला लावले. आणि आज हे बघा." त्याने तिच्या कपाळाकडे बोट केलं. "समीक्षा, तूच सांग, किती दिवसांनी धुतेस?"

"रोज," समीक्षा म्हणाली.

प्रशील हसला, कारण त्याला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. "आधी नाही. आत्ता."

"आत्ताच सांगतेय. चार महिने झाले, रोज. वर ताईंच्या बाथरूममध्ये. कालही धुतले. टाळूला तेलाचा थेंब लावलेला नाही, वेणीच्या शेंड्याला बोट लावते, आईंना वास यावा म्हणून." ती शांतपणे, साइटवर रोलरवाल्याला सांगावं तसं सांगत होती. "गळत होते ते डेंग्यूमुळे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पाचही जणांसमोर."

सासूबाईंच्या हातातली बाटली तशीच. मी हसू दाबत मोबाइल चालूच ठेवला.

मग आबा खाकरले. मला खरंच वाटलं, आता हा माणूस चुकलो म्हणणार.

"म्हणजे," आबा म्हणाले, "रोज धुवूनसुद्धा केस आले. याचा अर्थ शेंड्याच्या तेलाचा गुण किती मोठा आहे बघा."

मी मोबाइल खाली केला. काही काही माणसांना शास्त्र शिकवायला जाणं म्हणजे आपलाच घसा बसवून घेणं.

समीक्षा मात्र आबांकडे बघतच नव्हती. "एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "अमळनेर रस्त्यावरची जागा तर भरली. कौतिक साहेबांनी जळगावला सांगितलंय. तिथे बायपासचं काम निघालंय. सोमवारपासून रुजू व्हायचंय. मयुरी म्हणून माझी मैत्रीण आहे, तिच्या खोलीवर राहीन. शनिवारी येत जाईन."

"जळगाव?" प्रशील म्हणाला. "तिथली धूळ बघितलीस का? सगळे केस पुन्हा जातील!"

समीक्षा उठली. नवऱ्याच्या समोर उभी राहिली आणि हळूच, दोन बोटांनी, त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली. पुनमच्या आईने लगेच दुसरीकडे बघितलं. पुनम मात्र टकलाकडेच बघत राहिली.

"तुमचे गेले तेव्हा तुम्ही नोकरी सोडली होती का?"

टोपी तिने परत त्याच्या हातात दिली. सोमवारी पहाटेच्या गाडीने ती गेली. मी पियुषला घेऊन स्टँडवर पोहोचवायला गेले. बॅगेला बाहेरून पिवळं हेल्मेट बांधलेलं होतं, आणि आत दोन बाटल्या, त्या मीच भरल्या.

आता ती शनिवारी येते. जळगावची धूळ धुळ्याहून वाईट आहे म्हणते, रोज धुते, टोकांना कंडिशनर लावते, वेणी पुन्हा दाट व्हायला लागली आहे. प्रशील टोपी घालून तिच्या स्कूटीचं ऑइल बदलून ठेवतो. नोकरीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही, 'चुकलो' असं तर नाहीच नाही.

परवा शनिवारी बेबाबाई आली. सासूबाईंनी पिशवी पुढे केली. बेबाबाईने तोलली आणि पिशवी तशीच परत केली, म्हणाली याच्यात चमचाही नाही बसत. सासूबाई सबंध संध्याकाळ तोंड पाडून बसल्या. समीक्षा न्हाऊन आली तसं त्यांनी जाळीवर वाकून बघितलं, तर तिथे चार-दोन केस.

"काय व माय," त्या तिला म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "आते तर तुना केसबी गळतस नही. मनी कढई ऱ्हायनी ना!"